करिक्युलम व्हिटे नावाची अकरा माणसं

ई-मेल इंग्रजीत होता. मच्छिंद्रनं तो दोनदा वाचला आणि मग खुर्ची मागं सरकवून बेबीनंदाला म्हणाला, "तूच वाच बाई, मला काही वेगळंच दिसून राह्यलंय."

वेगळं काही नव्हतं. सरळ लिहिलं होतं, 'आपल्या अर्जात या पदासाठी लागणारा बियाणे-तपासणीचा अनुभव आढळला नाही. आपल्याला पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

बेबीनंदा साळवेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं! जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीत नऊ वर्षं ती हेच करत होती. परतूरहून सकाळची गाडी धरायची, पांढऱ्या टेबलावर कपाशीचं बी पसरायचं, भिंगातून खडे-कचरा निवडायचा, ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे आणि किती उगवले ते मोजायचं. मराठवाड्यातल्या कितीतरी शेतांत उगवलेलं बी आधी तिच्या डोळ्यांखालून गेलेलं होतं. आणि शुभेच्छा देणाऱ्या त्या शहाण्याला तिच्यात अनुभवच दिसला नव्हता.

ही नऊ वर्षं ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेली होती, हे खरं. पण २००८ उजाडलं आणि हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीनं ही कंपनी विकत घेतली. नव्या मालकांनी फर्मान काढलं. लॅबमध्ये पाच कायम जागा भरायच्या, ठेका एकतीस मार्चला बंद. ज्याला कायम व्हायचंय त्यानं वेबसाइटवर अर्ज करायचा, मग तो आत काम करणारा असो की बाहेरचा. अनुभव असला तर बारावी सायन्सही चालेल, अशी सवलतही होती. म्हणजे जागा मिळाली तर पगार, फंड, रजा. नाही मिळाली तर एक एप्रिलला घरी. आज सव्वीस मार्च होता.

मच्छिंद्र तिच्या मामाचा मुलगा. परतूरच्या बाजारपेठेत त्याचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि अलीकडं एका कोपऱ्यात इंटरनेट. या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. बेबीनंदाचा बायोडाटा त्यानं चार दिवस खपून केला होता, तोही फुकट. वर वळणदार अक्षरात तिचं नाव, उजवीकडं हिरवं पान, पानावर 'बीएस्सी बॉटनी, फर्स्ट क्लास', खाली सावली दिलेल्या चौकटीत तिला काय काय येतं त्याची यादी. तो बघून लॅबमधल्या बाकी दहाजणांनीही त्याचंच दुकान गाठून तसाच बायोडाटा करून घेतला होता, आणि सगळ्यांचे अर्ज दुकानाच्याच ई-मेलवरून गेले होते.

"दादा, बाकीच्यांचं काय आलं?" तिनं विचारलं.

मच्छिंद्रनं एकेक मेल उघडला. अकराच्या अकरा जणांना शुभेच्छा आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदा लॅबमध्ये गेलीच नाही. थेट अप्पाराव जाधवांच्या केबिनमध्ये शिरली. अप्पाराव म्हणजे प्लँटचे पर्सोनेल ऑफिसर. नव्या मालकांनी त्यांना नवा कंप्युटर दिला होता आणि त्यांनी स्वतःला एक नवी सवय लावून घेतली होती, प्रत्येक गोष्टीत त्याच्याकडं बोट दाखवायची.

"हे बघ, माझ्या हातात काहीच नाही," ते म्हणाले. "अर्ज कंप्युटर वाचतो. गुण तोच देतो. साठच्या वर गेला तो यादीत. आपण फक्त यादी काढायची."

"वाचतो म्हणजे काय वाचतो?"

"शब्द शोधतो. लॅबला काय काम यायला पाहिजे, ते शब्द आपण त्याला दिलेत. तातेराव सरांनीच सांगितले ना. जर्मिनेशन टेस्ट, फिजिकल प्युरिटी, मॉइश्चर, ग्रो-आउट टेस्ट. किती वर्षांचा अनुभव, शिक्षण काय. जेवढं सापडेल तेवढे गुण."

तातेराव सर म्हणजे लॅबचे प्रमुख. बेबीनंदाला तो दिवस आठवला. महिन्यापूर्वी अप्पाराव कागद घेऊन सरांच्या केबिनमध्ये बसले होते, आणि सर काचेतून लॅबकडं बघत बघत एकेक काम सांगत होते, उगवण, शुद्धता, ओलावा, बी शेतात लावून बघणं. काचेपलीकडं त्या वेळी उगवणीचे दाणे मोजत तीच बसली होती. शेजारी कांताबाई ओलावा मोजत होती. म्हणजे ही माणसं काय करतात ते बघून शब्द लिहिले, आणि ते शब्द या माणसांकडं नाहीत म्हणून त्यांना हाकलून दिलं! हसावं की कुणाच्या तरी डोक्यात खुर्ची घालावी, हे तिला कळेना.

"साहेब, माझ्या अर्जात हे सगळे शब्द हैत. मी सोताच्या डोळ्यांनी बघितलेत. तुमच्या कंप्युटरनं काय वाचलं ते दाखवा मला."

"असं दाखवता येत नाही."

"मंग मी इथंच बसते."

ती बसलीच. अप्पारावांनी दोन फोन घेतले, चहा मागवला, तिला विचारला नाही, घड्याळ बघितलं. ती हलेना. शेवटी कटकट नको म्हणून त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला आणि अर्जांची यादी उघडली.

"तुझं नाव सापडत नाही," ते म्हणाले. "अर्ज तरी केलाय का?"

बेबीनंदानं यादीवरून नजर फिरवली. नावांच्या रकान्यात खालच्या बाजूला एकच नाव ओळीनं उतरलं होतं. करिक्युलम व्हिटे. करिक्युलम व्हिटे. करिक्युलम व्हिटे. तिनं मोजलं. मोजायचा हात होताच तिचा. अकरा.

"हे कोण हैत?"

"ते सोड. कुणीतरी एकच माणूस परत परत अर्ज टाकून राहिला होता. फोन नंबरही एकच. मी बाजूला ठेवले. तसेही गुण नव्हतेच त्याला."

"साहेब," बेबीनंदा म्हणाली, आणि आवाज खाली ठेवायला तिला दात आवळावे लागले, "त्यो नंबर मच्छिंद्रच्या दुकानाचा हाय. ह्यो एक माणूस न्हाई. आम्ही अकराजण हावोत."

अप्पारावांनी पहिलं नाव दाबलं. पडद्यावर साधी अक्षरं आली, ना रंग ना चौकट. बेबीनंदानं पिशवीतून आपला छापलेला बायोडाटा काढला आणि पडद्याशेजारी धरला. एका बाजूला असलेलं आणि दुसऱ्या बाजूला नसलेलं शोधायचं, हे तर तिचं रोजचं काम.

वळणदार अक्षरातलं तिचं नाव पडद्यावर नव्हतं. त्याच्या खालची 'करिक्युलम व्हिटे', म्हणजे इंग्रजीत बायोडाटा, ही ओळ तेवढी साध्या अक्षरात होती. पहिली ओळ म्हणजे नाव, असं यंत्रानं धरलं आणि नावाच्या जागी तीच टाकली. हिरव्या पानासकट बीएस्सी गेली होती. सावलीची ती चौकट, जिच्यात मॉइश्चर होतं, ग्रो-आउट होतं, सगळं होतं, ती तर कुणी कात्रीनं कापून नेल्यासारखी गायब. आणि अनुभव? अनुभव होता, पण त्याचा पार चिवडा झाला होता. मच्छिंद्रनं तिथं तीन रकान्यांचं टेबल केलं होतं, रेघा लपवून. जागा नीट भरावी म्हणून एकेक शब्द एकाखाली एक, वेगवेगळ्या घरात बसवला होता. पहिल्या रकान्यात वर 'जर्मिनेशन', त्याखाली 'टेस्ट'. दुसऱ्यात वर 'फिजिकल', त्याखाली 'प्युरिटी'. तिसऱ्यात वर 'मार्च १९९९', खाली 'ते आजपर्यंत'. माणसाचा डोळा प्रत्येक रकाना वरून खाली वाचत होता. यंत्रानं आडवं वाचलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, 'जर्मिनेशन फिजिकल मार्च १९९९ टेस्ट प्युरिटी ते आजपर्यंत'.

त्याला 'जर्मिनेशन टेस्ट' हवी होती. ती कुठंच नव्हती. शंभरातले नऊ गुण.

"हैदराबादला फोन लावा," ती म्हणाली.

अप्पारावांनी लावला. का लावला कोण जाणे. बहुधा आपण अकरा माणसं एक समजून बाजूला टाकली, हे तिनं बाहेर बोलू नये म्हणून. फोनवरचा कंप्युटर विभागातला माणूस अजिबात चकित झाला नाही. हो म्हणाला, टेबल असलं की सिस्टिम ओळीनं आडवं वाचते. टेक्स्ट बॉक्स, म्हणजे तशी चौकट, मूळ मजकुराच्या बाहेर तरंगत असतो, तो तिच्या हाती लागतच नाही. आणि चित्र ते चित्र, त्यातली अक्षरं, सजवलेलं नावसुद्धा, तिला वाचता येत नाहीत. "फाइल प्लेन टेक्स्ट म्हणून सेव्ह करून बघा. जे उरेल, साधारण तेवढंच सिस्टिमला दिसतं. वेबसाइटवर खाली सूचना दिलीय की साधी फाइल द्या." आणि फाइल चढवल्यावर नाव-शिक्षण आपोआप भरलं जातं, ते तपासून मगच पुढं जायचं असतं, हेही त्यानं ऐकवलं. नवी फाइल? आज संध्याकाळी सहापर्यंत बदलता येईल. सहानंतर बंद. उद्या सकाळी सिस्टिम परत यादी लावते, ती शेवटची.

सूचना दिलीय! पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या इंग्रजीत. बेबीनंदा ताडकन उठली.

लॅबच्या दारात तिनं कांताबाईला गाठलं. कांताबाई बारा वर्षांची जुनी. बेबीनंदाला भिंग कसं धरायचं हे तिनंच शिकवलं होतं.

"माझं मागून कर," सगळं ऐकून कांताबाई म्हणाली. "माझं कामाचं लई लांबण हाय. तुझं आधी कर, पोरी, तुझ्यावर घर हाय."

एसटीनं परतूरला पोचायला दोन वाजले. मच्छिंद्र दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसला होता. लोडशेडिंग. लाइट चारला येणार होती. बेबीनंदानं तिथंच उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा तोल गेला.

"फुलं काढायला कोणी सांगितल्तं तुला? पानं कोणी मागितल्ती? मला काय लगीन करायचंय का त्या कंपनीसंगं?"

"ए बेबे, नीट बोल!" मच्छिंद्र भडकला. "चार दिवस घातले मी. एक रुपया न्हाई घेतला. तालुक्यात कोणी असं काम दाखवावं मला. त्या यंत्राला अक्कल न्हाई तर माझा काय कसूर?"

"त्यानं फाइल घेतल्यावर नाव काय घेतलंय ते तू बघितलं का? करिक्युलम व्हिटे नावाच्या बाईला तू पुढं ढकललं! अकरा वेळा! बटन दाबत बसला नुसता!"

मच्छिंद्रनं हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. तेवढं मात्र खरं होतं. तो फक्त पुढं, पुढं, पुढं दाबत गेला होता.

मग दोन तास दोघं एकमेकांकडं पाठ करून पायरीवर बसले. समोरून कापसाच्या गाड्या जात होत्या. बेबीनंदाला सगळ्यांचा राग येत होता. यंत्राचा, हैदराबादचा, अप्पारावांचा, या चांगल्या मनाच्या गाढवाचा, आणि स्वतःचाही. बायोडाटा पहिल्यांदा हातात आला तेव्हा तिनंच तो आईला कौतुकानं दाखवला होता. मायलेकी दोघी पानावरून बोट फिरवत बसल्या होत्या.

चारला पाच कमी असताना लाइट आली. मच्छिंद्रनं तिची फाइल उघडली आणि फोनवरच्या माणसानं सांगितलं तसं प्लेन टेक्स्ट केलं. चार दिवसांची त्याची कारागिरी डोळ्यांदेखत झडून गेली. उरल्या त्या चार विस्कटलेल्या ओळी. त्यानं पडद्यावर बोट ठेवून त्या वाचल्या.

"हेच गेल्तं का त्यांच्याकडं?" त्यानं विचारलं.

"हेच."

त्यानं तोंडातली सुपारी बाहेर जाऊन थुंकली, येऊन बाह्या वर सारल्या आणि म्हणाला, "सांग, बराबर सांग."

तिनं सांगितलं. सगळ्यात वर नाव, साध्या अक्षरात. खाली बीएस्सी बॉटनी. मग एकाखाली एक ओळी, ना टेबल ना चौकट. अप्पारावांनी सांगितलेले शब्द आहेत तसेच, अख्खे, तोडायचे नाहीत. 'जर्मिनेशन टेस्ट, नऊ वर्षं, मार्च १९९९ ते आजपर्यंत.' मच्छिंद्रला ते बघवत नव्हतं. "रेशनच्या दुकानाची यादी झाली ही," तो पुटपुटला, पण बोटं थांबवली नाहीत. फाइल परत प्लेन टेक्स्ट करून बघितली. या वेळी एक शब्दही हलला नाही. वर चढवली. नावाच्या चौकटीत आपोआप 'बेबीनंदा साळवे' आलं, तेव्हा मच्छिंद्रनं ते मोठ्यानं वाचलं.

एकाला दहा-बारा मिनिटं लागत होती. टाइप पाच मिनिटांत व्हायचं, पण इंटरनेट रांगत होतं. पाच जागा आणि अकरा माणसं, हे बेबीनंदाला कळत नव्हतं असं नाही. दुसरी फाइल उघडायच्या आधी ती एकदा थबकलीच. आपली गेली, आता उठून घरी गेलं तर कोण विचारणार होतं? पण मग ती अप्पारावांच्याच पंगतीला बसली असती. तिनं पुढचं नाव सांगितलं.

दहावी फाइल गेली तेव्हा सहाला सात मिनिटं होती. कांताबाईचा मजकूर खरंच लांब होता. बारा वर्षांत तिनं लॅबमधलं प्रत्येक काम केलं होतं. मच्छिंद्र टाइप करत होता आणि बेबीनंदा मागून घड्याळ बघत ओरडत होती, "पुरे, आता पुरे, चढव!" त्यानं चढवली. निळी पट्टी अर्ध्यावर आली, थोडी पुढं सरकली, तिथंच थांबली. मग पान कोरं झालं आणि एक ओळ आली. अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

मच्छिंद्रनं टेबलावर मूठ आपटली. बेबीनंदा बाकड्यावर बसली. तिनं आपलं आधी केलं होतं. कांताबाईनंच सांगितलं होतं तसं, पण त्यानं काही फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाखतीची यादी लागली. दहा नावं, त्यातली सात लॅबमधली. बेबीनंदा साळवे दुसरी, चौऱ्याण्णव गुण. कांताबाई यादीत नव्हती. तिनं यादी शांतपणे वाचली, बेबीनंदाच्या पाठीवर हात ठेवला आणि ओलावा मोजायला निघून गेली. नमुने तुंबले होते. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बेबीनंदाला बरं वाटलं असतं.

मुलाखत तातेराव सरांच्या केबिनमध्ये होती. सर हसतमुख होते.

"बस, बस. तुला काय विचारायचं? तुझं काम मला माहीत आहे. तू काळजी करू नकोस, तुझं झालंच समज."

झालं! ज्याच्यासाठी दोन दिवस जीव टांगणीला लागला होता, ते असं एका वाक्यात झालं होतं. बेबीनंदाला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी असा संताप आला की खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले.

"सर, पहिली यादी आल्ती तेव्हा त्याच्यात आमच्यातलं एक बी नाव नव्हतं. ती यादी तुमच्याकडं आल्ती ना?"

"आली होती. मी सही केली. सिस्टिमनं काढलेली यादी, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं? अकराच्या अकरा जणांना काम येत न्हाई असं वाटलं? सर, त्या यंत्राला टेबल वाचता येत न्हाई. चौकट दिसत न्हाई. चित्र कळत न्हाई. समजलं मला, ते यंत्रच हाय. पण तुम्ही ह्या काचेतून आम्हाला रोज बघता!"

सरांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला.

"कांताबाई कुठंय यादीत?" बेबीनंदानं विचारलं.

"तिचा अर्ज सिस्टिममध्ये आला नाही. अप्पारावांनी सांगितलं."

"सिस्टिममध्ये न्हाई सर, ती तिथं हाय. बघा. मशीनपाशी बसून राह्यली. बारा वर्षांपासून तिथंच हाय. तुमच्याकडं पेन हाय ना? लिहा तिचं नाव. लॅबच्या साहेबाला एक नाव हातानं घालता येत नसंल, तर मंग मुलाखत तरी कशाला घेता? त्या कंप्युटरलाच घेऊ द्या."

सरांनी मान वळवली. काचेतून बघत राहिले. पलीकडं कांताबाई एक नमुना मशीनमध्ये ओतत होती, आकडा वाचत होती, वहीत लिहीत होती. मग त्यांनी यादी पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि दहाव्या नावाखाली अकरा आकडा घातला. 'कांताबाई' लिहिलं. तिथं पेन थांबलं.

"आडनाव काय तिचं?" सरांनी विचारलं.

बेबीनंदानं सांगितलं. सांगताना तिचा आवाज एवढा चढला, की काचेपलीकडं कांताबाईनं मान वर करून बघितलं.